सरासरी वेग : चूक ५० म्हणणाऱ्यांची, आणि ४८ म्हणणाऱ्यांचीही

एका सरावपुस्तकातील पानाचे छायाचित्र हातोहात फिरते आहे. उदाहरण जुनेच आहे : एक मोटार जाताना ताशी ४० किलोमीटर आणि त्याच रस्त्याने परत येताना ताशी ६० किलोमीटर वेगाने धावते, तर पूर्ण प्रवासाचा सरासरी वेग किती? (काटेकोर बोलायचे तर येथे ‘सरासरी चाल’ म्हणायला हवे, कारण गाडी निघाल्या जागी परतल्याने विस्थापन शून्य होते, पण रूढ शब्दच ठेवू.) एक गट ५० म्हणतो. दुसरा गट 2ab/(a + b) हे सूत्र फेकून ४८ म्हणतो आणि पहिल्याला हसतो. आक्षेप दोघांवरही आहे.

आधी उत्तर पाहू. अंतर दिलेले नाही, म्हणून सोयीचे १२० किलोमीटर धरू. जाण्यास ३ तास, येण्यास २ तास. एकूण २४० किलोमीटर, एकूण ५ तास. म्हणजे ताशी ४८. अंतर कितीही धरले तरी उत्तर हेच येते, कारण ते अंश आणि छेद दोहोंतून निघून जाते.

मग ५० का नाही? दोन वेगांची बेरीज करून दोनाने भागताना आपण नकळत गृहीत धरतो, की गाडी दोन्ही वेगांनी सारखाच *वेळ* धावली. तसे असते तर ५ तासांत १०० आणि १५० मिळून २५० किलोमीटर झाले असते. रस्ता मात्र २४०च किलोमीटरचा आहे. सारखे आहे ते अंतर, वेळ नव्हे. मंद गतीच्या वाट्याला जास्त वेळ येतो, आणि म्हणून सरासरी तिच्याकडे झुकते. यालाच हरात्मक मध्य म्हणतात : वेगांच्या व्यस्तांची सरासरी काढून तिचा पुन्हा व्यस्त घेणे. वेगाचा व्यस्त म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ. अंतरे समान असली की सरासरी त्याचीच काढावी लागते.

आता दुसऱ्या गटाविषयी. ‘वेग दिसला की हरात्मक मध्य’ हा नियम जितका पाठ होतो, तितकाच तो घातक ठरतो. ‘अडीच तास ४०ने, पुढचे अडीच तास ६०ने’ असा प्रश्न आला की हाच विद्यार्थी बेधडक ४८ लिहितो. तेथे बरोबर उत्तर ५० आहे. अंतरेही असमान आणि वेळही असमान असली तर दोन्ही सोपी सूत्रे निकामी होतात. टिकते ती फक्त व्याख्या : एकूण अंतर भागिले एकूण वेळ. ती सोडून सूत्र शिकवणे म्हणजे अट पुसून निष्कर्ष तेवढा विकणे होय.

ज्याला व्याख्या समजली आहे, त्याला एक प्रश्न विचारून पाहावा. जाताना वेग ३० होता. पूर्ण फेरीची सरासरी ६० व्हावी म्हणून परतताना किती वेगाने यावे? बहुतेकजण ९० म्हणतात. १२० किलोमीटरचे अंतर घ्या : सरासरी ६० हवी तर २४० किलोमीटर ४ तासांत संपायला हवेत, आणि ते ४ तास जाण्यातच संपले आहेत. कोणताही वेग पुरणार नाही. परतीचा वेग कितीही वाढवला, तरी फेरीची सरासरी पहिल्या वेगाच्या दुपटीला कधीच पोहोचत नाही.

हा हिशेब परीक्षेपुरता नाही. २०१६ साली गतिमान एक्सप्रेस सुरू झाली तेव्हा मथळ्यांत आकडा झळकला तो ताशी १६० किलोमीटरचा. हजरत निजामुद्दीन ते आग्रा छावणी हे सुमारे १८८ किलोमीटरचे अंतर वेळापत्रकात होते १०० मिनिटांचे. म्हणजे सरासरी सुमारे ११३. हे दोन आकडे परस्परांना खोटे ठरवत नाहीत. पण प्रवाशाचा वेळ ठरतो तो दुसऱ्यावरून.

समजण्यासाठी एक काल्पनिक विभागणी करू. अर्धे अंतर, म्हणजे ९४ किलोमीटर, ८०च्या वेगाने आणि उरलेले ९४ किलोमीटर १६०च्या वेगाने. वेळ लागेल सुमारे ७०.५ अधिक ३५.२५, म्हणजे १०६ मिनिटांच्या आसपास. वरचा वेग १६०वरून २०० केला तर सुमारे ७ मिनिटे वाचतात. तो तसाच ठेवून खालचा वेग ८०वरून १०० केला तर १४ मिनिटे वाचतात. निम्म्या वाढीत दुप्पट फायदा! तीव्र वळणे, स्थानकांजवळचे सांधे आणि वेगमर्यादा घातलेले पूल यांवर केलेले काम मथळ्यात येत नाही, पण घड्याळात दिसते.

म्हणून विद्यार्थ्यांनो, असे छायाचित्र पुढे आले की कोणते सूत्र लावू, असे विचारू नका. समान काय आहे, अंतर की वेळ, एवढेच विचारा. आणि बातमीत सर्वोच्च वेग वाचलात की पुढचा प्रश्न विचारा : गाडी त्या वेगाने किती अंतर धावते, आणि उरलेल्या अंतराला किती वेळ घेते?