दहावीच्या उजळणीचा सापशिडीचा पट : साप आधीच मोजून घ्या

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या करी रोड-लालबागच्या घराघरांत एक वेळापत्रक भिंतीवर चढतं. पहाटे साडेपाचला उठणे, सहा ते आठ बीजगणित, शाळा, क्लास, रात्री अकरापर्यंत विज्ञान. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते तिथेच असतं, पण कुणी त्याकडे बघत नाही. आणि जानेवारीत ते लिहिणारं मूल डोकेदुखी, ॲसिडिटी किंवा 'झोपच लागत नाही' म्हणत माझ्यासमोर येऊन बसतं. सोबतची आई म्हणते, "डॉक्टर, आळशीपणा आहे हो, दुसरं काही नाही."

माझं मत वेगळं आहे. त्या वेळापत्रकात मूल कधी आजारी पडत नाही, मावसभावाचं लग्न निघत नाही आणि समोरच्या टॉवरचं ड्रिलिंग सुरू होत नाही. दोष मुलाचा कमी आणि कागदाचा जास्त आहे. म्हणून गेली काही वर्षं मी दहावीच्या मुलांना वेळापत्रक लिहायच्या आधी एक पट खेळायला सांगतो. सगळं सत्र एका संध्याकाळी खेळून बघायचं आणि मगच ठरवायचं.

सापशिडी आपल्याला नवी नाही. परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जाणारा मोक्षपट कवड्यांनी खेळत. शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे आणि शेवटचं घर मोक्षाचं. हा खेळ १८९०च्या दशकात इंग्लंडमध्ये पोहोचला आणि पुढे सापांची नावं गळून पडली. खेळ सुंदर आहे, पण त्यातली एक गोष्ट आपल्या घरांत अजून टिकून आहे. घसरलास म्हणजे तुझ्यातच खोट. उजळणीच्या पटावर साप म्हणजे पाप नव्हे. ताप आला, पाहुणे आले, एवढंच.

अर्धा चार्ट पेपर घ्या. नोव्हेंबरच्या मध्यापासून बोर्डाच्या पेपरापर्यंत साधारण १४ आठवडे मिळतात (२०२५मध्ये दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली होती). म्हणून घरं फक्त १४. शाळेची प्रिलिम ज्या दोन आठवड्यांत येते, ती घरं आधीच रंगवून टाका. ती सापाची घरं नाहीत, कारण प्रिलिम येणार हे ठाऊक असतं. तरीही बहुतेक मुलं योजना आखताना ती विसरतात, याचं मला दरवर्षी नवल वाटतं. जुन्या लग्नपत्रिका कापून दहा-बारा सापाची कार्डं करा. त्यांवर मुलानेच लिहायचं, आणि तेही गेल्या वर्षी खरोखर घडलेलंच. प्रत्येक कार्डावर त्या अडचणीत किती धडे बुडतात तो आकडा. धडे म्हणून राजमा चालेल. दर आठवड्याला फासा टाकायचा. १ किंवा २ पडले तर साप, नाहीतर आठवडा ठरल्याप्रमाणे गेला.

गेल्या हिवाळ्यात चाळीत राहणाऱ्या एका मुलीने खेळलेला डाव सांगतो, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून. तिने पट फक्त गणित आणि विज्ञानाचा केला. बीजगणिताचे ६ धडे, भूमितीचे ७, विज्ञानाच्या दोन भागांचे १०-१०, मिळून ३३. तिची योजना साधी होती. आठवड्याला ३ धडे, म्हणजे ११ आठवड्यांत सगळं पक्कं, आणि शेवटचे ३ आठवडे नुसती उजळणी. कागदावर अगदी चोख.

दुसऱ्याच आठवड्यात साप निघाला, गावी लग्न, २ धडे गेले. चौथ्यात ताप, ३ गेले. पाचव्यात गॅदरिंगची प्रॅक्टिस, १ गेला. नववा आणि दहावा आठवडा प्रिलिमचा, नवा धडा एकही नाही, म्हणजे आणखी ६ गेले. अकराव्या आठवड्याअखेर ३३ ऐवजी २१ राजमे पटावर होते. मग उजळणीचे तीन आठवडे राहिलेले धडे भरण्यात गेले, त्यातही तेराव्या आठवड्यात एक साप. शेवटी २९ धडे झाले, ४ राहिले आणि उजळणी शून्य. नोव्हेंबरात केलेला धडा तिने परीक्षेपर्यंत पुन्हा उघडलाच नव्हता.

फासा तिच्यावर रुसला नव्हता, हे लक्षात घ्या. प्रिलिम सोडून १२ आठवडे उरतात आणि तिनात एकदा साप धरला तर सरासरी चार निघणारच. तिला चारच निघाले होते. तिने पट बघितला आणि म्हणाली, "म्हणजे हे दरवर्षी असंच होतं!" माझ्या दहा मिनिटांच्या व्याख्यानाने जे झालं नसतं ते अर्ध्या तासाच्या खेळाने झालं.

माणसं स्वतःच्या कामाचा अंदाज असा का चुकवतात, याचा अभ्यास झालेला आहे. १९९४मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात पदवीच्या विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध किती दिवसांत पुरा कराल? उत्तरांची सरासरी ३४ दिवस, प्रत्यक्षात लागले ५५. गंमत म्हणजे 'सगळं वाईटात वाईट झालं तर?' असं विचारल्यावरही त्यांनी सरासरी ४९च सांगितले. आपण योजना करताना काम डोळ्यांसमोर आणतो, गेल्या वेळी काय आडवं आलं होतं ते आणत नाही. कार्डांवर गेल्या वर्षीचे साप लिहायला लावायचे ते यासाठी.

दुसऱ्या डावाआधी तिने एक काम केलं. प्रत्येक धड्याचं नाव कोऱ्या कागदावर लिहून, पुस्तक बंद ठेवून, पंधरा मिनिटांत आठवेल ते लिहिलं आणि गणिताची दोन उदाहरणं सोडवली. ३३पैकी १३ धडे बऱ्यापैकी येत होते. उरले २०. आता आठवड्याला २ पुरे होते, आणि सहावं व बारावं घर तिने चक्क रिकामं ठेवलं. पुन्हा फासा टाकला. या वेळी तीन साप निघाले, ५ धडे बुडाले. दोन रिकाम्या घरांनी त्यातले ४ भरून काढले. एक राहिला. तो कोणता ठेवायचा हे तिने स्वतः ठरवलं, आणि माझ्या मते त्या संध्याकाळचा तोच सर्वांत मोठा निर्णय होता. दर आठवड्याच्या उरलेल्या वेळात एक गेल्या आठवड्यातला आणि एक महिन्यापूर्वीचा धडा पुन्हा कोऱ्या कागदावर, म्हणजे उजळणी शेवटी साठवून ठेवायची गरजच नाही.

या पटाचा सगळा भार त्या कोऱ्या कागदावर आहे. किती तास बसलो यावर राजमा पुढे सरकवला तर खेळ फुकट गेला असं समजा. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६. वाचताना 'येतंय मला' असं वाटतं ते त्या पाच मिनिटांपुरतं. म्हणून मूल 'झाला धडा' म्हणालं तर कागद दाखव म्हणा. मार्क देऊ नका, फक्त कागद बघा.

सापाच्या कार्डाची मागची बाजू कोरी ठेवायला सांगतो, तिथे 'तर' लिहायचा. मानसशास्त्रज्ञ गोलविट्झर यांनी अशा जर-तर योजनांवर बरंच काम केलं आहे. 'नियमित अभ्यास करीन' या संकल्पापेक्षा 'अमुक घडलं तर तमुक करीन' हे जास्त पाळलं जातं, कारण ऐन वेळी विचार करावा लागत नाही. त्या मुलीच्या कार्डांवर होतं : 'पाहुणे राहायला आले तर सात ते नऊ अभ्यासिकेत.' 'रात्री साडेदहा वाजले तर मोबाइल देव्हाऱ्याजवळच्या चार्जरला.' एका खोलीच्या घरात 'माझ्या टेबलावर शांत बसेन' असं लिहिण्यात अर्थ नसतो, टेबलच नसतं. 'तर' हा त्या घरात शक्य असणाराच हवा.

तापाच्या कार्डामागे तिने आधी 'रात्री जागून भरून काढीन' लिहिलं होतं. ते मी खोडायला लावलं. या पटावर झोप विकता येत नाही, हा माझा एकमेव हट्टाचा नियम. तेरा ते अठरा वयात ८ ते १० तास झोप लागते, आणि दिवसा शिकलेलं मेंदूत पक्कं होण्याचं बरंच काम झोपेतच होतं. दोनला झोपून सहाला उठणारं मूल दिवसभर पुस्तकासमोर असतं, पण त्याचा कोरा कागद कोराच राहतो. जानेवारीतली डोकेदुखी आणि ॲसिडिटी यांतली बरीचशी याच जागरणाची आणि त्यासोबतच्या चहाची असते. बुडालेले धडे रिकाम्या घरात जातात, रात्रीत नाही.

आईवडिलांना दोन गोष्टी. पटाला बक्षिसं जोडू नका. १९७३च्या एका प्रसिद्ध प्रयोगात, चित्रं काढायची आवड असलेल्या लहान मुलांना प्रमाणपत्राचं आमिष दाखवलं, तर नंतर ती आपणहून चित्रं काढण्यात इतरांच्या निम्माच वेळ घालवू लागली. आणि पट भिंतीवर शेजाऱ्यांना दिसेल असा लावू नका. चाळीच्या गॅलरीतून येणाजाणारा प्रत्येकजण 'अजून सातव्याच घरात?' म्हणू लागला की मूल खोटे राजमे सरकवतं. तसं झालं की कळतंही लगेच : पट पुढे धावतो आणि कागद दिसेनासे होतात.

प्रत्येक मुलाला हा खेळ लागू पडेल असं नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल उदास, चिडचिडं असेल, जेवण किंवा झोप बिघडली असेल, मित्रांशी बोलणं तुटलं असेल, तर पट गुंडाळून ठेवा आणि डॉक्टरांना भेटा. 'जगून काय करू' असं काही बोललं तर त्याच दिवशी. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे आणि रात्रीही चालतो.

बाकीच्यांनी प्रिलिमचे पेपर हातात आले की पट पुन्हा मांडावा. तेव्हा चारच घरं उरलेली असतात, कुठले धडे कच्चे आहेत हे आता अंदाजाने नव्हे तर पेपरावरून कळतं, आणि डाव वीस मिनिटांत संपतो. सापाची कार्डं मात्र नव्याने लिहा. नोव्हेंबरातली लग्नं तोवर उरकलेली असतात, माघी गणपती यायचा असतो.