सत्ताविसावं वर्ष आणि बंडाचं गारूड

३ जुलै १९६९ रोजी 'रोलिंग स्टोन्स'चा ब्रायन जोन्स आपल्याच घराच्या जलतरण तलावात मृतावस्थेत सापडला. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये जिमी हेंड्रिक्स गेला आणि त्यानंतर अवघ्या सोळा दिवसांनी जॅनिस जॉप्लिन. ३ जुलै १९७१ रोजी, म्हणजे जोन्सच्या मृत्यूनंतर बरोबर दोन वर्षांनी, पॅरिसमध्ये जिम मॉरिसनचा मृत्यू झाला. चौघंही सत्तावीस वर्षांचे होते. १९९४ मध्ये कर्ट कोबेनही त्याच वयात गेला आणि '२७ क्लब' हा शब्दप्रयोग रूढ झाला. रॉक संगीत न ऐकणाऱ्यांनाही तो आता ठाऊक असतो.

या वयात खरंच काही घात आहे का? २०११ च्या डिसेंबरमध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने हा प्रश्न तपासणारा अभ्यास छापला. १९५६ ते २००७ या काळात ब्रिटनमध्ये ज्यांचा अल्बम पहिल्या क्रमांकावर पोहोचला, अशा १०४६ संगीतकारांची नोंद संशोधकांनी घेतली. त्यांपैकी ७१ जण दगावले होते, पण सत्ताविसाव्या वर्षी फक्त तिघे. पंचविसाव्या आणि बत्तिसाव्या वर्षीचं मृत्यूचं प्रमाणही जवळपास तेवढंच होतं. खुद्द हेंड्रिक्स आणि जॉप्लिन मात्र या निकषात बसतच नव्हते, ही त्या अभ्यासाची मर्यादा. तरी दुसरा निष्कर्ष महत्त्वाचा होता. विशीत आणि तिशीत या प्रसिद्ध मंडळींचा मृत्यूचा धोका सर्वसामान्य ब्रिटिश माणसाच्या दुप्पट-तिप्पट होता. धोका खरा आहे, तो फक्त एका वर्षाला चिकटलेला नाही.

मग दंतकथा टिकली कशी? २०२४ मध्ये अमेरिकी संशोधकांनी विकिपीडियाच्या नोंदी तपासल्या. सत्ताविसाव्या वर्षी मेलेल्यांची पानं, तेवढ्याच प्रसिद्धीच्या इतर दिवंगतांच्या पानांपेक्षा जास्त वाचली जातात, असं त्यांना आढळलं. दोन वर्षांत चौघं जाणं हा विलक्षण दुर्मीळ योगायोग होता. त्यातून गोष्ट तयार झाली, आणि मग ती गोष्टच पुढचे मृत्यू निवडू लागली. अठ्ठाविसाव्या वर्षी गेलेल्याला कोणी यादीत धरत नाही.

मला खटकतं ते पुढचं. या गोष्टीने मरणाला बंडाचा पोशाख चढवला. व्हिएतनाम युद्धाच्या त्या वर्षांत व्यवस्थेला नकार देणारी तरुण पिढी या गायकांत स्वतःला पाहत होती. जो तरुणपणी गेला तो म्हातारा झाला नाही, त्याने तडजोड केली नाही, जाहिरातीत काम केलं नाही. फोटोतला चेहरा तसाच राहिला. जगलेल्या माणसाला ही सवलत कुठली?

शवविच्छेदनाचे अहवाल मात्र वेगळंच सांगतात. हेंड्रिक्सने त्या रात्री झोपेच्या गोळ्या नेहमीच्या मात्रेच्या कितीतरी पट घेतल्या होत्या. बार्बिच्युरेट गटातल्या त्या औषधाने गुंगी इतकी खोल जाते, की घशात काही आलं तर खोकून ते बाहेर काढण्याची शरीराची प्रतिक्षिप्त क्रियाच मंदावते. त्याला उलटी झाली आणि ती श्वासमार्गात गेली. अशा बेशुद्ध माणसाला उताणं न ठेवता कुशीवर वळवून तातडीने मदत बोलवायची असते. प्रथमोपचाराच्या वर्गात हे पहिल्या काही धड्यांत शिकवतात.

एमी वाइनहाउसचं प्रकरण आणखी बोलकं आहे. जुलै २०११ मध्ये ती गेली तेव्हा तिच्या रक्तात दर शंभर मिलिलिटरमागे ४१६ मिलिग्रॅम अल्कोहोल होतं. इंग्लंडमध्ये गाडी चालवायची मर्यादा ८० आहे. पण चौकशीत पुढे आलेली दुसरी बाब अनेकांच्या लक्षात राहिली नाही. त्याआधी काही आठवडे तिने दारू सोडली होती. रोज पिणाऱ्याचं शरीर त्या मात्रेला सरावतं. मध्ये खंड पडला की तो सराव ओसरतो, आणि पूर्वी पचलेली मात्रा मेंदूतलं श्वासाचं केंद्र बंद पाडू शकते. अफूजन्य पदार्थांच्या बाबतीतही हेच घडतं. म्हणून व्यसनमुक्तीनंतरचे पहिले आठवडे डॉक्टरांना सर्वांत जास्त धास्तावतात. यात बंड कुठे आहे? सुटू पाहणाऱ्या एका आजारी मुलीचा हा घसरलेला पाय आहे.

एरिक क्लॅप्टन हेंड्रिक्सचा समकालीन आणि मित्र. हेरॉइन आणि नंतर दारू, दोन्हींतून तो गेला आणि बाहेर आला. १९९८ मध्ये त्याने अँटिग्वा बेटावर व्यसनमुक्ती केंद्र काढलं आणि त्यासाठी पुढच्या वर्षी आपल्या शंभर गिटारींचा लिलाव केला. त्याला भिंतीवर चिकटवणारे चाहतेही पुष्कळ आहेत, पण ते चित्र सहसा गिटार वाजवणाऱ्या तरुण क्लॅप्टनचं असतं. त्या केंद्राचं नाव 'क्रॉसरोड्स' आहे, हे त्यांतल्या किती जणांना माहीत असेल?