स्वस्त येनचे महाग कर्ज

2024 च्या मध्यास जपानमध्ये व्याज जवळजवळ शून्य होते, अमेरिकेत पाच टक्क्यांवर. तेव्हा येनमध्ये कर्ज काढावे, त्याचे डॉलर घ्यावेत आणि व्याजातील फरक खिशात घालावा, हा सटोडियांचा धंदा झाला. जुलै 2024 च्या आरंभी डॉलरला सुमारे 162 येन पडत. 162 लाख येन उचलणाऱ्याच्या हाती एक लाख डॉलर येत. त्यावर वर्षाला पाच हजारांचे व्याज. 31 जुलैला जपानच्या मध्यवर्ती बँकेने आपला दर वाढवून अवघा पाव टक्का केला. त्यातच अमेरिकेतील रोजगाराचे आकडे निराशाजनक निघाले. 5 ऑगस्टला डॉलर 142 येनपर्यंत उतरला. तेच कर्ज फेडण्यास आता एक लाख चौदा हजार डॉलर हवेत! जवळजवळ तीन वर्षांची कमाई एका महिन्यात बुडाली.

ही पडझड इतकी आकस्मिक का? कारण सर्वांचे कर्ज एकाच चलनात होते. एकाने फेडीसाठी येन घेतला की येन महागतो. दुसऱ्याचा तोटा वाढतो, त्याचा सावकार जादा तारण मागतो आणि तोही येनच्या खरेदीस धावतो. रोकड उभी करण्यासाठी शेअर विकले जातात. त्याच दिवशी टोकियोचा निक्केई निर्देशांक 12 टक्क्यांहून अधिक कोसळला. दुसऱ्या दिवशी तो बराच सावरला. पण घाबरून विकणाऱ्या लहान बचतदाराचे नुकसान भरून निघाले नाही. त्याने तर एक येनही उसना घेतला नव्हता. उसन्या पैशाच्या सट्ट्यावर मर्यादा हवी, ती त्याच्यासाठी.