जुना कोड परत टाकला की झालं?

ट्रेनिंगला गेलो होतो तेव्हा माझ्या गळ्यात एक कारकुनी काम पडलं. चेंज ॲडव्हायझरी बोर्ड, म्हणजे 'कॅब'च्या मिटिंगचं इतिवृत्त टाइप करायचं. पगाराच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती शनिवारी रात्री ११ ते ३ मध्ये चढवायची होती. फॉर्मवर लिहिलं होतं: रिस्क मध्यम. रोलबॅक: जुनी आवृत्ती परत टाकणे, १५ मिनिटे.

डेटाबेसवाल्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "नवी आवृत्ती टेबलचे कॉलम बदलते. मग जुना कोड ते वाचणार कसे?" सगळे गप्प! मागे फिरायचं तर बॅकअपच रिस्टोअर करावा लागणार होता. त्याला अंदाजे २ तास, आकडे तपासायला अर्धा तास. १५ मिनिटांचे झाले अडीच तास. रिस्क 'उच्च' झाली. बिघडण्याची शक्यता तेवढीच होती, पण बिघडलंच तर नुकसान मोठं होतं.

मंजुरी मिळाली, पण दोन अटींवर. शुक्रवारपर्यंत टेस्ट सर्व्हरवर रिस्टोअर करून दाखवायचा. आणि रात्री साडेबाराला 'पुढे की मागे' हे एका ठरलेल्या माणसाने सांगायचं. साडेबाराच का? ३ मधून अडीच तास वजा करा. त्यानंतर मागे फिरलात तर सकाळ होणार. तालमीत रिस्टोअरला २ तास १० मिनिटं लागली, म्हणून इतिवृत्तात वेळ १२:२० केली.

कुणी म्हणेल, एवढा कीस कशाला? मित्रांनो, १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीत काय झालं ते बघा. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला. नव्या कोडसाठी जो फ्लॅग वापरला होता, तोच पूर्वी एका बंद पडलेल्या जुन्या कोडचा होता. त्या सर्व्हरवर जुना कोड जागा झाला आणि धडाधड ऑर्डरी सुटल्या. गडबडीत लोकांनी बाकीच्या सातांवरचाही नवा कोड काढला. ऑर्डरींवर फ्लॅग होताच, त्यामुळे आता आठही सर्व्हर तेच करू लागले! सुमारे ४५ मिनिटांत ४० कोटी डॉलरपेक्षा जास्त बुडाले. तिथेही 'जुना कोड परत टाकणे' हेच झालं होतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की नुसतं 'जुनी आवृत्ती परत टाकणे' असं लिहिलेल्या फॉर्मवर कॅबने सहीच करू नये. डेटाचं काय होणार, तालमीत किती वेळ लागला, कोण किती वाजता ठरवणार, हे तीन रकाने भरलेले हवेत. आणि अटीपुढे नाव व तारीख नसेल तर ती अट नाही, नुसती इच्छा आहे.

ते काम कारकुनी नव्हतं, हे मला रात्री १२:२० ला कळलं. ठरलेल्या माणसाने घड्याळ पाहिलं, आकडे पाहिले, आणि 'पुढे' म्हणाला.