रिकामी चौकट

या आठवड्यात औरंगपुऱ्यात एका मुलीला पाहणीचे फॉर्म एक्सेलमध्ये भरताना पाहिलं. प्रश्न आपल्या शहराचा नेहमीचाच : नळाला किती दिवसांनी पाणी येतं? उत्तर नसलं की ती बिनदिक्कत ० टाकत होती, आणि मला राहवेना. समजा, पाच घरांपैकी चौघांनी ५, ६, ७, ६ सांगितलं. पाचवी चौकट रिकामी ठेवली तर `AVERAGE` तिला वगळतं, सरासरी ६ येते. तिथं ० घातलं की ४.८! जायकवाडीतून थेंबही जास्त न येता पाणी एक दिवस आधी आलं. काहीजण ९९ लिहितात. ते काढायचं विसरलं तर २४.६. हा आकडा निदान डोळ्यात खुपतो, ४.८ मात्र खरा वाटून अहवालात जातो. म्हणून आधी `MIN` आणि `MAX` बघावं. शिवाय रिकामेपणही एकसारखं नसतं. कुणी उत्तर दिलं नाही, कुणाकडे नळच नाही, टँकरवर भागतं. कारणाचा रकाना वेगळा हवाच, आणि मूळ फॉर्मवर क्रमांक, म्हणजे शंका आली की कागद काढून पाहता येतो. रिकाम्या जागी सरासरी भरून टाकणं तर मला मुळीच मान्य नाही : टँकरवाल्या घराला आपण परस्पर नळ जोडून देतो.