रिफंड आला, पण जुन्या 'डिमांड'मध्ये वळता झाला. भरलेला कर गेला कुठे?

रिटर्न भरलं, रिफंड मंजूर झाला, पण खात्यात आलेली रक्कम निम्मीही नाही. चौकशी केल्यावर कळतं की सात-आठ वर्षांपूर्वीची 'डिमांड' बाकी होती, त्यात रिफंड वळता करून घेतला. करदाता म्हणतो, "तो कर तर मी तेव्हाच भरलाय." आणि बऱ्याचदा तो खरंच भरलेला असतो.

हे कसं घडतं, ते एका नमुन्यादाखल प्रकरणातून पाहू. तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींनी जुलै २०१६ मध्ये ८,००० रुपये कर बँकेत भरला. हा कर २०१५-१६ या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावरचा, म्हणजे आकारणी वर्ष २०१६-१७. पण चलन भरून देणाऱ्याने आकारणी वर्षाच्या रकान्यात २०१५-१६ लिहिलं. पैसे सरकारजमा झाले, पण दुसऱ्याच वर्षाच्या नावावर. बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राच्या संगणकाला २०१६-१७ मध्ये चलन सापडलं नाही. जानेवारी २०१७ मध्ये ८,००० रुपयांची मागणी निघाली. ती गेली रिटर्न भरणाऱ्याच्या ई-मेलवर, कारण पोर्टलवर पत्ता त्याचाच होता. गुरुजींना पत्ताच नाही.

मुदतीत न भरलेल्या मागणीवर महिन्याला एक टक्का व्याज लागतं. इथे दरमहा ८० रुपये. मार्च २०१७ ते ऑगस्ट २०२४ असे ९० महिने धरले तर व्याजच ७,२०० रुपये. २०२४ मध्ये १८,४०० रुपयांचा रिफंड निघाला, त्यातले १५,२०० गेले आणि हातात आले ३,२००. उलट रिफंडला उशीर झाला तर सरकार व्याज देतं ते महिन्याला अर्धा टक्का.

रिफंड असा वळता करण्याचा अधिकार १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २४५ मध्ये आहे, पण त्याआधी करदात्याला लेखी कळवावं लागतं. उत्तराला पूर्वी ३० दिवस मिळायचे, नंतर ते २१ वर आले. तेवढ्यात उत्तर गेलं नाही, तर वळतं करण्याची कारवाई पुढे सरकते. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये अशाच तक्रारींवर निकाल देताना खात्याला खडसावलं होतं: आधी कळवा, करदात्याचं ऐका, मगच वळतं करा. जी मागणी करदात्याला कधी कळवलीच नाही, ती त्याच्यावर लादता येत नाही, हेही त्यात आलं. त्यामुळे "नोटीस मिळालीच नाही" हा मुद्दा पोकळ नाही. मात्र पोर्टलवर नोंदवलेल्या ई-मेलवर ती गेली असेल, तर तो मुद्दा लंगडा पडतो.

२०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात छोट्या जुन्या मागण्या सोडून दिल्या गेल्या: २००९-१० पर्यंतच्या वर्षांसाठी २५,००० रुपयांपर्यंत आणि २०१०-११ ते २०१४-१५ साठी १०,००० पर्यंत. गुरुजींचं वर्ष २०१५-१६. एका वर्षाने सवलत हुकली.

मग करायचं काय? उत्तर देण्याआधी चलन शोधायचं. फॉर्म 26AS मध्ये स्वतः भरलेला कर वर्षवार दिसतो. मागणी ज्या वर्षाची आहे, त्याच्या मागचं आणि पुढचं वर्षही उघडून बघायचं. चलनावर बँक शाखेचा बीएसआर कोड, भरल्याची तारीख आणि चलन क्रमांक असतो. या तीन गोष्टी जुळल्या की पुरावा हातात आला.

त्यानंतर पोर्टलवर `Pending Actions` मधल्या `Response to Outstanding Demand` इथे जायचं. घोळ इथेच होतो. लवकर सुटका व्हावी म्हणून काही जण `Demand is correct` निवडतात. एकदा ते कबूल केलं, की पुढे तिथे हरकत घेता येत नाही. असहमतीचा पर्याय निवडून चलनाचा तपशील द्यायचा.

पण एवढ्याने गुरुजींचं काम होत नाही. चलन चुकीच्या वर्षात आहे तोवर संगणक 'सापडलं नाही' असंच म्हणणार. ते वर्ष दुरुस्त करण्यासाठी आपल्या आयकर अधिकाऱ्याकडे चलनाची प्रत जोडून लेखी अर्ज करावा लागतो, आणि पोचपावती घ्यावी लागते. चलन योग्य वर्षात आलं, की मागणीची दुरुस्ती मागायची.

अडचण मुदतीची आहे. दुरुस्तीला कायद्याने चार वर्षं दिलीत, आणि २०१७ च्या मागणीची ती ३१ मार्च २०२१ लाच संपली. त्यामुळे अर्जात उशिराचं कारण आणि नोटीस कोणाच्या ई-मेलवर गेली ते स्पष्ट लिहावं लागतं, आणि उशीर माफ करण्यासाठी वरिष्ठांचं दार ठोठवावं लागू शकतं. पैसे परत मिळतीलच याची हमी तेव्हा कोणी देत नाही.

म्हणून रिटर्न दुसऱ्याकडून भरून घेतलं तरी पोर्टलवर ई-मेल आणि मोबाईल नंबर स्वतःचा किंवा घरातल्याचा हवा. गुरुजींच्या प्रकरणात ८,००० रुपये बुडाले नव्हते, शेजारच्या वर्षात पडून होते. ते सांगणारी नोटीस मात्र त्यांच्यापर्यंत कधी आलीच नाही.