दोन सी, दोन एम

चार शब्द छापावयाचे आणि त्यांतून शुद्ध शब्द ओळखावयास सांगावयाचें, असा इंग्रजीचा प्रश्न परीक्षांतून वारंवार येतो. आमच्या धाराशिव जिल्ह्यांतील मराठी विद्यार्थ्यांस तो जड जातो, आणि त्याचें कारण आळस नव्हे. मराठींत द्वित्त कानास ऐकूं येतें. 'मका' व 'मक्का' यांतील भेद लहान मूलही ओळखतें. इंग्रजींत बहुधा तें नुसतें लिहिलें जातें, उच्चारांत येत नाहीं. म्हणून मुलें पाठांतराकडे वळतात आणि ऐन वेळीं फसतात.

आमचें मत असें कीं, ज्यास संधि ठाऊक आहे त्यास हें पाठांतर पुष्कळ कमी करतां येईल. 'अकॉमोडेट' हाच शब्द घ्या. त्यांत सी दोन व एमही दोन. मुलें कोणता तरी एक गाळतात. लॅटिन भाषेंतील 'अॅड', 'कॉम' आणि 'मोड' या तुकड्यांपासून तो बनला आहे. 'सत्' पुढें 'जन' आला म्हणजे त् चा ज् होऊन 'सज्जन' होतो. तसाच 'अॅड' मधील डी पुढील सीसारखा झाला, म्हणून सी दोन. 'कॉम' व 'मोड' यांचे एम शेजारीं आले, म्हणून एमही दोन. आतां 'रेकमेंड' पाहा. येथें आरंभींच्या 'रे' च्या शेवटीं व्यंजन नाहीं, म्हणून सी एकच. पुढें 'कॉम' व 'मेंड' मिळून एम मात्र दोन.

सर्वच द्वित्तें संधीचीं नव्हेत. 'बिगिन' या क्रियापदांत आघात शेवटीं आहे, म्हणून 'बिगिनिंग' लिहितांना त्याचा अंत्य एन दुप्पट होतो. 'ओपन' मध्यें तो आरंभीं आहे, म्हणून 'ओपनिंग' मध्यें एन एकच राहतो.

आय-ई कीं ई-आय, या कोड्यांत मात्र कान उपयोगी पडतो. सीनंतर ई-आय, एरव्हीं आय-ई, हा नियम मुलें म्हणतात. पण उच्चार दीर्घ 'ई' असला तरच तो लागू पडतो, ही अट विसरतात. त्याप्रमाणें 'बिलीव्ह' मध्यें आय-ई, 'रिसीव्ह' मध्यें ई-आय. 'नेबर' चा उच्चार 'ए', म्हणून तो नियमाबाहेरचा, तेथें ई-आय. 'सीझ' व 'प्रोटीन' यांत दीर्घ 'ई' असून सी नाहीं, तरी ई-आयच येतो. असे अपवाद पाठच करावे लागतात.

एका शुद्ध रूपासाठीं तीन अशुद्ध रूपें मुलांपुढें ठेवणें शिकण्याच्या वेळीं आम्हांस इष्ट वाटत नाहीं. डोळ्यांस तींच ओळखीचीं होऊन बसतात. वर्गांत शब्द उच्चारावा, मुलाकडून त्याचे तुकडे पाडून घ्यावे व मग लिहवावा. परीक्षेंत पर्याय असणारच. तेथें विद्यार्थ्यानें पर्याय नीट वाचण्यापूर्वींच शब्द कागदाच्या कडेस लिहावा आणि मग तो चौघांत शोधावा.